धनजची बाई केनवडले, केनवडची धनजले

बदली पाहिजे असेल तर आधी घरातलं एक माणूस आजारी पाडावं लागतं. हा आमच्या आरोग्य खात्याचा नियम कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही, पण पाळतात सगळे. कोणाच्या बापाला दमा लागतो, कोणाच्या बायकोला फिट येतात. अकोल्याला जिल्हा परिषदेत दर उन्हाळ्यात बदलीच्या अर्जांचा जो गठ्ठा पडतो, तो खरा मानला तर जिल्ह्यात एक धड म्हातारं माणूस उरलेलं नाही.

माझ्या नवऱ्यानं माझ्या सासूला लकवा लावला.

मी धनजला नर्स. नवरा देवमन केनवडला मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोन गावं तेव्हाच्या एकाच अकोला जिल्ह्यातली, पण मधे कारंजा, मंगरूळपीर, वाशीम, रिसोड एवढं सगळं पसरलेलं. सकाळी धनजहून निघालं की गाड्या बदलत बदलत दिवे लागायच्या वेळी केनवड यायचं. आमची मुलगी संघमित्रा, घरात तिला संगी म्हणत, केनवडला आजीजवळ. कारण माझं काम असं की कोण केव्हा दार वाजवेल आणि मी पिशवी उचलून कोणाच्या बाळंतपणाला पळेन याचा नेम नाही. लेकराला कुलूप लावून जाऊ?

नवरात्रात मी केनवडला गेले तेव्हा संगी मला पाहून आजीच्या लुगड्यात शिरली. मी हात पुढे केला तर किंचाळली. मी सुई टोचायला आले असं तिला वाटलं. गावातली सगळी लेकरं मला पाहून रडतात, त्याचं मला काही वाटत नाही. ते माझ्या धंद्याचंच आहे. पण आपल्याच पोटच्या पोरीनं रडावं? तिथंच मी ठरवलं, बदली घ्यायची. वर्ष अठ्ठ्याहत्तरचं होतं.

देवमननं अर्ज लिहिला. मास्तर माणूस, अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर तमाशातल्या रडगाण्यासारखा. "माझी वृद्ध सासू श्रीमती लिलाबाई या अर्धांगवायूने अंथरुणास खिळल्या असून त्यांच्या मुखात पाणी घालण्यास कोणीही नाही."

मी म्हटलं, "अवो, आत्याबाई सकाळी विहिरीवरून दोन घागरी घेऊन आल्या. तुमच्या डोळ्यांसमोर."

"असंच लिवा लागते," देवमन म्हणाला. "सारेच लिवतात. खरं लिवलं तर वाचणाऱ्याले वाटते, काही दुखूनच नाई राह्यलं."

मी सही केली. आमच्या आरोग्य केंद्रातला कारकून माणिकराव, त्याच्या हातात अर्ज दिला. त्यानं आधी दार लोटलं, मग अर्ज घेतला.

"कोणाले सांगतलं नाई ना, वच्छलाबाई?"

"नाई."

"सांगू बी नका. बदलीचा अर्ज आन् पोटातलं लेकरू, तीन मयने झाकून ठेवा लागते. लोकायले समजलं का तुमी कोणती जागा मागून राह्यल्या, तर वशिल्याची एखादी बाई मधातूनच झेप घेते. केनवडच्या नर्सले तं बिलकूल कळू देऊ नका. ते जागा सोडणार नाई, उलट तक्रार करीन."

केनवडची नर्स म्हणजे चंदाबाई. तोंडओळख होती. मी केनवडला गेले की तिला टाळायला लागले. बाजारात समोरून आली तर मी कांदे निवडायला खाली बसायचे.

अर्ज पुढं जायच्या आधीच लकव्याची बाई धनजला हजर झाली. दिवाळीचा फराळ घेऊन, रात्री वाशीमला मुक्काम करून सासूबाई एकट्या आल्या, डोक्यावर गाठोडं, काखेत संगी. त्या दिवशी आमची मासिक सभा होती, म्हणून मला शोधत थेट केंद्रात आल्या. केंद्राचे डॉक्टर शिरभाते ओसरीत उभे होते.

"कोण पाहिजे, आजी?"

"माई सून पाहिजे. वच्छला. मी तिची सासू, लिलाबाई. केनवडवरून येऊन राह्यली."

डॉक्टरांनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. मग गाठोड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आजी, तुम्हाला लकवा झाला होता ना?"

"लकवा? मले?" सासूबाईंनी गाठोडं खाली आदळलं. "लकवा व्हवो माह्या दुश्मनाले! कोण मेल्यानं सांगतलं?"

मी जमिनीकडे पाहत होते. माणिकराव भिंतीकडे. सासूबाईंना हळूहळू उमजलं.

"देवमननं लिवलं? थांब त्याले पाह्यतो. मास्तर झाला तं मायले लकवा लावते का रे भाड्या! बापाच्या मरणाले पाच वरसं झाली, त्याले कायले सोडलं? त्यालेच पुन्ना मारायचा होता!"

सभेला आलेल्या सगळ्या नर्सा पदर तोंडात कोंबून हसत होत्या. डॉक्टरही हसले, पण अर्ज त्यांनी माझ्या हातात परत दिला.

"बाई, खोटं मी पुढे पाठवत नाही. खरं असेल ते लिहून आणा."

खरं? मग मी खरं लिहिलं. कोणाच्या मदतीशिवाय, दातओठ खात. मी काय काय केलं ते लिहिलं. पावसात नाला ओलांडून केलेली बाळंतपणं, शाळेतल्या पोरांच्या सुया, माझ्या हाताखाली तयार झालेल्या गावच्या दाया, माझ्याकडे एकही बाळंतीण दगावली नाही हे. आणि शेवटी, एवढं केलेल्या बाईला तिच्या लेकराजवळ जाऊ द्या, आणि माझ्यासारखी कामाची बाई केनवडला मिळाली तर केनवडचं भलंच होईल.

डॉक्टरांनी तो अर्ज उभ्या उभ्या वाचला, मान डोलावली आणि त्याच ठिकाणी खाली शेरा मारून सही केली. मी खूश. माणिकरावानं शेरा वाचून दाखवला तेव्हा खुशी उतरली.

"सदर कर्मचारी अत्यंत कार्यक्षम असून या केंद्रास तिची नितांत गरज आहे. बदलीस शिफारस नाही."

मी सरळ डॉक्टरांच्या खोलीत घुसले.

"हे काय हो साहेब? काम करणाऱ्याले बांधून ठेवता आन् कामचुकाराले पेढे खाऊन निरोप देता? मागच्या साली ते दुसऱ्या उपकेंद्रावरची बाई, आठवड्यातून दोन दिवस गावात दिसायची. तिची बदली एका मयन्यात! तुमीच शिफारस केली. म्हंजे मी उद्यापासून काम सोडू? सोडतो मंग. पाहा पटते का."

डॉक्टर रागावले नाहीत. हा माणूस तेवढा सरळ होता. म्हणाले, "बसा."

"नाई बसत."

"मग उभ्यानं ऐका. तुमच्या अर्जात तुम्ही आहात, तुमची लेक आहे, केनवड आहे. धनज कुठं आहे? मी धनजचा विचार करायला बसलो आहे. तुम्ही गेल्यावर इथं काय, ते एका ओळीनं तरी लिहिलं का? केनवडचं भलं होईल म्हणता. माझं काय होईल?"

  मी अर्ज ओढून घेतला, पण वाटेभर ते डोक्यात घोळत राहिलं. माझं लेकरू माझं आहे, पण धनजच्या बायांची बाळंतपणं कोण करणार, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला म्हणून खोटा होत नव्हता.

आणि आणखी एक गोष्ट होती. धनजच्या आसपास बंजाऱ्यांचे तांडे आहेत. मागच्या दोन-तीन वर्षांत सरकारच्या नसबंदीच्या गाड्या फिरल्या, माणसं धरून नेली. सरकार बदललं, गाड्या बंद झाल्या, पण नर्सचं पांढरं लुगडं दिसलं की तांड्यावरच्या बाया अजून लेकरं कणगीमागं लपवत होत्या. मी ओरडायचे, समजवायचे, त्या बाया आपल्या बोलीत काहीतरी बोलायच्या आणि कुत्री सोडायच्या. ट्रिपलच्या, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या, सुया गावात झाल्या, तांड्यावर जवळजवळ शून्य. ते अर्जात लिहिलं नव्हतं. आपल्या तोंडानं आपलं उणं कोण लिहितो?

संक्रांतीला मी केनवडला गेले. सासूबाईंनी तिळगूळ केला होता आणि देवमनशी त्यांचं अजून बोलणं बंद होतं. जेवण वाढताना त्या संगीला सांगायच्या, "सांग तुह्या बापाले, लकव्याच्या बाईनं भाकर थापली, खायची असन तं खाय."

दुपारी बाजारात चंदाबाई समोरून आली. मी सवयीनं कांद्यापाशी बसणार होते. मग माझा मलाच संताप आला. ही लपाछपी कशासाठी? चोरी केली का मी? मी ताठ उभी राहिले.

"चंदाबाई, लपवत नाई. मले तुमची जागा पाहिजे. मी बदलीचा अर्ज देऊन राह्यली. आता कुठं तक्रार करायची ते करा."

चंदाबाईच्या हातातली वांगी खाली पडली.

"माही जागा? अवो बाई, घ्या ना! मी दोन वेळा अर्ज केला जायाले. दोनी वेळा नामंजूर!"

"कुठं जायाले?"

"तिकडंच! कारंज्याकडं. माहं माहेर धनजच्या बाजूचा तांडा. तुमी येता ना तिथं? बाया कुत्रे सोडतात ते?"

"त्या तुमच्या माहेरच्या बाया?"

"माही काकीच सोडते," चंदाबाई म्हणाली. "तिचा पयला नंबर राह्यते."

आम्ही वांगी उचलता उचलता भर बाजारात इतक्या हसलो की भाजीवाला घाबरला. ही बाई दोन वर्षांपासून मला टाळत होती! तिच्या कारकुनानंही तेच सांगितलं होतं: कोणाला कळू देऊ नका, धनजची बाई जागा सोडणार नाही. तिनं अर्जात काय लिहिलं होतं विचारलं, तर म्हणाली, "केनवडच्या पाण्यानं आंगाले खाज सुटते." दोन कारकुनांच्या शहाणपणानं दोन बाया दोन टोकांना टांगून ठेवल्या होत्या. मला त्या वेळी माणिकराव समोर पाहिजे होता.

संध्याकाळी चंदाबाई आमच्या ओसरीत येऊन बसली. देवमननं कागद घेतला आणि सुरुवात केली, "आम्ही दुर्दैवी..."

"खबरदार!" सासूबाई आतून गरजल्या. ते त्यांचं मुलाशी दिवाळीनंतरचं पहिलं बोलणं. "कोणाले काई रोग लावला तं हात मोडतो. या बाया सांगतीन तेच लिव."

आम्ही सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. परस्पर बदली, दोघींची संमती, दोघींच्या सह्या, दोन अर्ज एकसारखे, प्रत्येकीचा आपापल्या डॉक्टरांमार्फत अकोल्याला. विनंतीची बदली असल्यामुळे प्रवासभत्ता मागणार नाही, हेही लिहिलं. पहिला मुद्दा धनजचा घेतला.

"लिवा," मी म्हटलं, "का तांड्यावर माह्यानं सुयांचं काम झालं नाई. बायायची बोली मले येत नाई, आन् त्यायचा माह्यावर भरोसा नाई. चंदाबाई त्याच तांड्याची लेक हाय. ते गेली तर लेकरं बाहेर येतीन."

देवमननं मान वर केली. "असं लिवाचं? तुह्या कामाचं खराब दिसन."

"खराब हाय तं खराब दिसू द्या."

लिहिताना मला झोंबलं, खोटं कशाला सांगू. पण ते वाक्य कागदावर आल्यावर बाकीचं सोपं गेलं. दुसरा मुद्दा केनवडचा, तो चंदाबाईनंच सांगितला. ती दर शनिवारी माहेरच्या ओढीनं गाडी पकडायची आणि रविवारी रात्री केनवडला नर्स नसायची. माझा नवरा, सासू, लेक सगळी केनवडातच, तेव्हा मी मुक्काम सोडून जाणार कुठं? रात्रीबेरात्री बोलवा, मी घरातच सापडणार. आणि सगळ्यात शेवटी, एका ओळीत, "अर्जदाराची मुलगी लहान असून तिला आईची ओळख राहिलेली नाही." त्याला विशेषण लावू दिलं नाही मी.

डॉक्टर शिरभात्यांनी तो अर्ज दोनदा वाचला.

"हे तांड्याचं तुम्ही स्वतः लिहिलं?"

"तुमाले माहीत नव्हतं का?"

"मला माहीत होतं. तुम्ही कबूल कराल असं वाटलं नव्हतं." त्यांनी शेरा लिहिला: "दोन्ही केंद्रांच्या हिताची बदली. शिफारस करण्यात येते."

माणिकराव माझ्यावर रुसला. "बजारात सांगतलं म्हणे तुमी! बजारात!"

"बजारात सांगतलं म्हणून झालं. तुमचं ऐकलं असतं तं रिटायर होईपर्यंत कांदेच निवडत राह्यली असती."

उन्हाळ्यात अकोल्याहून हुकूम आला. दोघींची बदली मंजूर. मी नाचायची बाकी होते. माणिकरावानं चष्मा लावून शेवटची ओळ वाचली आणि त्याचा चेहरा उजळला, कारण त्यात अडचण होती.

"बदली कर्मचारी हजर झाल्यानंतरच संबंधितांस कार्यमुक्त करावे."

म्हणजे चंदाबाई धनजला हजर झाली की मी सुटणार. आणि मी केनवडला हजर झाले की चंदाबाई सुटणार. ती सुटल्याशिवाय हजर कशी होणार, आणि ती हजर झाल्याशिवाय मी सुटणार कशी? अकोल्याला खुर्चीवर बसून ज्यानं हे वाक्य टाकलं त्याला कधीतरी भेटून विचारायचं होतं, बाबा, दोन माणसं एका अरुंद दारात समोरासमोर आली तर तू काय करतोस? घरी जातोस?

मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी हुकमावर बोट ठेवलं. चंदाबाईच्या डॉक्टरांनीही बोट ठेवलं. दोन बोटांच्या मधे आमचा हुकूम वाळत पडला. माणिकराव म्हणाला, अकोल्याला खुलासा मागवू. खुलासा मागवला की तो कधी येतो ते मला ठाऊक होतं. पावसाळा लागला की बदल्या बंद होणार होत्या.

मी चंदाबाईला पत्र टाकलं: रजा काढून ये, बाकीचं मी पाहतो.

ती किरकोळ रजा घेऊन आली. त्या दिवशी तांड्यावर सुयांची फेरी होती, आणि मी डॉक्टरांच्या मागं लागून त्यांना जीपमधून सोबत आणलं होतं; नोंदी करायला माणिकरावही होता. "साहेब, शून्य कसं होते ते एकदा डोयानं पाहा," एवढंच म्हटलं होतं.

जीप थांबली, मी उतरले, बाया आत पळाल्या, कुत्री बाहेर आली. सगळं नेहमीसारखं. मग जीपच्या मागून चंदाबाई उतरली. साध्या लुगड्यात, पिशवीबिशवी काही नाही. तिनं आपल्या बोलीत एक मोठी हाक दिली. त्यातला मला फक्त "याडी" एवढाच शब्द कळला, म्हणजे माय. पहिल्या घरातून तिची काकी आली, कमरेवर हात ठेवून, आणि दोघींचं जे भांडण सुरू झालं ते सगळा तांडा बाहेर येऊन ऐकू लागला. काकी माझ्याकडे बोट दाखवत होती. चंदाबाईनं आपला दंड उघडा करून देवी टोचल्याचा वण दाखवला, माझ्या दंडाला धरून माझाही वण दाखवला, आणि मग काहीतरी असं बोलली की सगळ्या बाया खदखदून हसल्या.

"काय बोलली?" मी विचारलं.

"म्हटलं, हे बाई आता जाऊन राह्यली. हिच्या हातची सुई आखरीची. याच्याबाद मी टोचीन, आन् माहा हात जड हाय."

काकीनं नातू पुढे केला. मी सुई भरली. मग दुसरी आली, तिसरी आली. मी टोचत होते, चंदाबाई लेकरं धरत होती आणि बायांना डिवचत होती. कुत्री सावलीत जाऊन झोपली.

डॉक्टर जीपला टेकून पाहत होते. पेटी रिकामी झाली तेव्हा त्यांनी माणिकरावाला हाक मारली आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागले.

"साहेब, हुकमात तं लिवलं हाय का..." माणिकराव पुटपुटला.

"वाचलं मी. आज दुपारनंतर यांना कार्यमुक्त करतो. परवा त्या तिकडच्या डॉक्टरांसमोर हजर होतील, मग ते चंदाबाईंना सोडतील. दोन-चार दिवस धनज रिकामं राहील, ते मी बघतो. दाया आहेत, मी आहे."

"अन् अकोल्यानं विचारलं तं?"

"तर सांगा, डॉक्टरानं केलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोणीतरी आधी दारातून बाजूला सरकलं पाहिजे ना, बाई?"

मी हात जोडले. या माणसाला मी खूप बोलले होते. त्यातला एकही शब्द परत घेणार नाही, पण हात मात्र मनापासून जोडले.

तिसऱ्या दिवशी मी हजर झाले, आणि त्याच आठवड्यात चंदाबाई तिच्या तांड्याच्या वाटेला लागली.

केनवडला पहिले काही दिवस संगी लांबून माझ्यावर नजर ठेवून होती. मी जेवताना, झाडताना, पोलकं वाळत घालताना. जवळ गेलं की पळायची. सासूबाई म्हणाल्या, "कायले मागं लागतं? मांजरीच्या पिलासारखं असते लेकराचं. तू तुहं काम कर." मी काम केलं. रात्री एका बाळंतपणाला गेले, पहाटे परत आले तेव्हा ती उंबरठ्यावर बसलेली होती, केस पिंजारलेले, नाकात शेंबूड.

"तू जाऊन राह्यली होती?"

"गेली होती. आली ना आता."

"आता कवा जाशीन?"

"नाई जात," मी म्हटलं. "साहेबाचा हुकूम हाय."

 तिनं आत जाऊन आजीला उठवलं आणि तक्रारीच्या सुरात सांगितलं, "आजी, हे बाई आपल्याच घरी राह्यनार हाय म्हंते."

"राहू दे मंग," सासूबाई म्हणाल्या. "जागा हाय."

संगी परत बाहेर आली, माझ्या मांडीवर धपकन बसली आणि तिचं नाक माझ्या धुतलेल्या पांढऱ्या लुगड्याला पुसलं.